क्रिप्टची पानं विरघळली, आणि आम्ही लोहाची बाटली दिली

ग्राहकाचा अभिप्राय (२ स्टार): "माशांच्या नव्या दोन फुटी टाकीसाठी सहा क्रिप्ट आणि दोन अनुबियास अशी पाण्यातली रोपं घेतली. बाराव्या दिवशी क्रिप्टची पानं अक्षरशः विरघळली, अनुबियासवर तपकिरी थर चढला. दुकानाला व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवले. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'लोह कमी पडलंय, आयर्नची बाटली घ्या.' दहा दिवस रोज टाकलं, शेवाळ दुप्पट झालं. फोटोवरून कळत नसेल तर तसं सांगा, बाटल्या विकू नका."

दुकानाच्या मालकाचं उत्तर:

नमस्कार ताई. तुमचे तिन्ही फोटो मी काल रात्री पुन्हा पाहिले, मोठे करून, एकेक पान बघत. आमचं निदान चुकलं होतं. बाटलीचे पैसे परत घेऊन जा, ते तुमचेच आहेत. पण नेमकं काय चुकलं ते इथेच लिहितो, कारण असे फोटो आम्हाला रोज येतात आणि पाठवणाऱ्यांपैकी काही जण हे वाचतील.

पहिला फोटो अख्ख्या टाकीचा आहे. त्यात सगळी रोपं पिवळट दिसतात आणि आमच्या दुकानातल्या मुलाने तेवढ्यावरून लोह म्हणून सांगितलं. त्याच फोटोत काचेला चिकटवलेला थर्मामीटर आहे. त्याची मागची पट्टी पांढरी असते, फोटोत तीही लिंबासारखी पिवळी आली आहे. पट्टीला काही लोह कमी पडत नाही. टाकीच्या एलईडीखाली मोबाइल आपल्या मनाने रंग बदलतो, त्यामुळे फोटोतला रंग हा सगळ्यात कमी भरवशाचा पुरावा. आधी पांढरी वस्तू शोधायची, ती पांढरी दिसली तरच पानाच्या पिवळेपणाबद्दल बोलायचं. हे आम्ही केलं नाही.

रंग बाजूला ठेवला तरी दुसऱ्या फोटोत उत्तर होतं. क्रिप्टचं नवं पान मधून निघतं, जुनी पानं बाहेरच्या बाजूला राहतात. लोह एकदा पानात बसलं की रोपाला ते तिथून काढून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून लोह कमी पडलं तर आधी मधली कोवळी पानं फिकी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. तुमच्या फोटोत उलटं आहे. मधलं बोटभर पान ठणठणीत आहे आणि बाहेरची पानं गेली आहेत.

मग बाहेरच्या पानांना नायट्रोजन किंवा पोटॅश कमी पडलं का? ही द्रव्यं रोप जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, त्यामुळे शंका रास्त आहे. पण उपाशी पान हळूहळू जातं आणि बराच काळ ताठ राहतं. नायट्रोजन कमी असेल तर अख्खं पान सारखं पिवळं होतं, पोटॅश कमी असेल तर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात आणि त्यांची कड पिवळी-काळी होते. तुमची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन कडेपासून लिबलिबीत झाली आहेत, तीही बारा दिवसांत. पानं अशी विरघळण्यालाच क्रिप्टचा मेल्ट म्हणतात, आणि त्यावर कुठलंही खत चालत नाही.

यातला एक दोष फोटोच्या आधीचा, आमच्या काउंटरवरचा आहे. ही रोपं नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली होती, मुळं ओली आणि पानं हवेत. तशी ती लवकर वाढतात आणि शेवाळही लागत नाही. ते हवेतलं पान जाड असतं, पाण्याखाली ते फारसं टिकत नाही. रोप ते सोडून देतं आणि पाण्यातलं पातळ पान नव्याने काढतं. विकताना हे सांगायला हवं होतं, म्हणजे बाराव्या दिवशी तुमच्या पोटात गोळा आला नसता.

आता अनुबियास. तिसऱ्या फोटोत पानावर तपकिरी थर आहे आणि तसाच थर खडीवर आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यातही दिसतो. म्हणजे तो पानाचा आजार नाही, नव्या टाकीत पहिले काही आठवडे येणारं तपकिरी शेवाळ आहे. बोट फिरवलं की ते धुरळ्यासारखं उडतं. बोटाने न निघणारे हिरवे कडक ठिपके असतील तर प्रकार वेगळा, तिथे आधी दिव्याचे तास बघायचे. थराखालचं पान कसं आहे हे मात्र कुठल्याच फोटोतून सांगता येत नाही. आधी पुसा, मग फोटो काढा.

शेवाळ का वाढलं तेही तुमच्या मेसेजमध्येच होतं, 'लाइट सकाळी १० ते रात्री ८'. दहा तास उजेड, सडणाऱ्या पानांतून पाण्यात उतरणारा अमोनिया, आणि तो शोषून घ्यायला रोपांना पानंच उरलेली नाहीत. अशा वेळी पानं कापून घ्या असं सांगायचं सोडून आम्ही वरून बाटली दिली.

एक गोष्ट फोटोत येत नाही, ती तुम्हाला हाताने बघावी लागेल. क्रिप्ट उपटू नका, उपटलं की मेल्ट पुन्हा सुरू होऊ शकतो. बुडाशी बोटाने हलकं दाबा. कडक लागलं तर रोप जिवंत आहे, साधारण तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतील. अनुबियासचं आडवं खोडही तसंच दाबून बघा. ते खडीत पुरलं गेलं असेल तर वर काढून दगडाला किंवा लाकडाला बांधा. मऊ लागलं आणि कुजका वास आला तर मऊ भाग कापून टाका, कडक तुकडा वाचतो. हे खोड कुजणं म्हणजे मेल्ट नव्हे, ते आपोआप बरं होत नाही. गळलेल्या पानाच्या फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून बोटच लागतं.

विरघळलेली पानं कात्रीने बुडाशी कापून बाहेर काढा. आयर्न बंद. दिवा सहा तास. दोन आठवडे, आठवड्यातून दोनदा एक तृतीयांश पाणी बदला. नवी पानं बोटभर झाली की मग खताचं बोलू.

त्यानंतर मला पुन्हा फोटो पाठवा, पण असे. फिल्टर दोन मिनिटं बंद ठेवा, मोबाइल काचेला सपाट टेकवा आणि रोपाशेजारी पाण्यात एक पांढरा प्लास्टिकचा चमचा धरा. एक फोटो मधल्या नव्या पानाचा, एक बाहेरच्या जुन्याचा, एक बुडाचा. शंका वाटणारं एक जुनं पान तोडून, पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात काढलात तर सगळ्यात बरं, तिथे रंगावर विश्वास ठेवता येतो. भोकं दिसली तर टाकीत कोणते मासे आणि गोगलगायी आहेत तेही लिहा, कुरतडलेलं पान आणि पोटॅशचं भोक फोटोत फसवतात.

दुकानातल्या मुलांना सांगितलं आहे, नवं पान, जुनं पान आणि बूड हे तिन्ही फोटो आल्याशिवाय कुठल्याही खताचं नाव घ्यायचं नाही. चार आठवड्यांनी ज्या क्रिप्टचं बूड मऊ निघेल, तेवढी रोपं बदलून देईन. बिल लागणार नाही, कुंडीसकट रोप घेऊन या. दुपारी चारनंतर मी स्वतः असतो.