बिलावर जीएसटी नंबर टाकला म्हणजे टॅक्स परत मिळतो?

असा एक मेसेज फिरतो: «दुकानाचा जीएसटी नंबर देऊन बिल घ्या. गाडी असो, दिवाळीची मिठाई असो की घरचा एसी, भरलेला सगळा टॅक्स परत खात्यात येतो. सीए लोक हे सांगत नाहीत.»

पहिली गोष्ट, बँकेच्या खात्यात काहीही येत नाही. इंदूरच्या महाराणी रोडवर वायर-स्विचचं दुकान आहे असं धरा. महिन्यात भिवंडीहून २ लाखांचा माल आला, त्यावर परराज्यातल्या मालाचा १८ टक्के आयजीएसटी ३६,००० रुपये. इंदूरच्याच एका होलसेलरकडून ५०,००० चा माल घेतला, त्यावर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी प्रत्येकी ४,५००. खरेदीवर भरलेला हा टॅक्स म्हणजे तुमचं क्रेडिट, एकूण ४५,०००. विक्री झाली २,८०,००० ची आणि ग्राहकांकडून टॅक्स गोळा झाला ५०,४००. क्रेडिट वजा करून सरकारात भरायचे ५,४००. क्रेडिट विक्रीच्या टॅक्सपेक्षा जास्त झालं, तर उरलेलं जीएसटी पोर्टलवरच्या लेजरमध्ये पडून राहतं आणि पुढच्या महिन्यांत वळतं होतं. रोख परतावा निर्यातीसारख्या मोजक्या प्रकरणांतच मिळतो.

नुसतं बिल हातात असून भागत नाही. त्या होलसेलरनं आपल्या GSTR-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, तुमचं बिल दाखवलं नाही, तर ते तुमच्या GSTR-2B मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या तुमच्या क्रेडिटच्या यादीत, उतरत नाही, आणि तिथे नसलेलं क्रेडिट घेता येत नाही. मग वरच्या उदाहरणात ९,००० निसटतात आणि भरणा होतो १४,४००. हा पैसा तुम्ही त्याला आधीच मोजलेला असतो, म्हणून हेच मनाला सगळ्यात जास्त लागतं. GSTR-2B दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. खरेदीची बिलं त्याच्याशी एकेक करून ताडून पाहा आणि जे दिसत नाही त्यासाठी लगेच फोन करा. शक्य असेल तिथे तेवढी टॅक्सची रक्कम बिल दिसेपर्यंत रोखून धरा. मात्र सगळंच बिल लांबवू नका: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे चुकते झाले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. पुढे पैसे दिले की ते पुन्हा घेता येतं.

आता गाडी, मिठाई आणि एसी. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये क्रेडिट नाकारलेल्या खर्चांची यादीच आहे. चालकासकट तेरापर्यंत आसनांची प्रवासी गाडी त्यात येते, त्यामुळे दुकानदाराच्या कारचं क्रेडिट नाही. माल वाहणाऱ्या टेम्पोचं मात्र मिळतं. ग्राहकांना भेट दिलेली मिठाई गेली, आणि चोरीला गेलेल्या किंवा जळालेल्या मालावरचं क्रेडिटही गेलं. एसी दुकानात बसवला तर चालतो, घरी बसवला तर नाही.

आणि दुकान कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या ठोक दराच्या योजनेत, असेल, तर यातलं काहीच लागू नाही. तिथे ग्राहकाकडून टॅक्स घेता येत नाही आणि खरेदीवरचं क्रेडिटही मिळत नाही. असा मेसेज वाचून त्या दुकानदारानं नंबर टाकून कितीही बिलं जमवली, तरी त्यांवरचा टॅक्स त्याच्या खर्चातच जातो.