‘रात्री स्कॅन करून एडीतून वजा करा’: हे गणित का चुकतं

> “अनमॅनेज्ड मशीन शोधायला महागडं टूल कशाला? एडीतली कॉम्प्युटरांची यादी काढा. रात्री नेटवर्क मोकळं असताना सगळ्या रेंजवर एनमॅप चालवा. स्कॅनमध्ये आहे पण एडीत नाही, ते अनमॅनेज्ड. डीएचसीपीच्या नादी लागू नका, आयपी रोज बदलतात, तो सगळा कचरा असतो.”

महागडं टूल लागत नाही, हे बरोबर आहे. बाकीच्या चारही मुद्द्यांत गडबड आहे.

आधी एडी. एडीतलं कॉम्प्युटर ऑब्जेक्ट म्हणजे ते मशीन कधीतरी डोमेनला जोडलं गेलं होतं, एवढीच नोंद. मशीन भंगारात गेलं, फॉरमॅट झालं, चोरीला गेलं, तरी कुणी डिलीट करेपर्यंत ऑब्जेक्ट तसंच राहतं. मग लोक `lastLogonTimestamp` बघून जुनी ऑब्जेक्ट गाळतात. ते ठीक, पण ती तारीख मुद्दामच ढोबळ ठेवलेली आहे. सगळ्या डोमेन कंट्रोलरवर ती पोचावी पण रेप्लिकेशनचा भार वाढू नये म्हणून डिफॉल्टमध्ये ती ९ ते १४ दिवस मागे असू शकते. काल वापरलेलं मशीन तिथे दोन आठवडे जुनं दिसेल. तेव्हा ‘१५ दिवसांत लॉगऑन नाही म्हणजे बंद’ असा नियम लावू नका. ४५ किंवा ६० दिवस धरा आणि सोबत `pwdLastSet` बघा, कारण विंडोज मशीन आपला मशीन पासवर्ड साधारण ३० दिवसांनी स्वतःच बदलतं.

उलट बाजूही आहे. एडीत असलेलं मशीन आपलंच असेल असं नाही. `ms-DS-MachineAccountQuota` ची डिफॉल्ट किंमत १० आहे. म्हणजे कुणी ती शून्य केली नसेल तर साधा डोमेन युजरसुद्धा दहा मशीन डोमेनला जोडू शकतो, आणि घरचा लॅपटॉप जोडणारे उत्साही लोक प्रत्येक ऑफिसात असतात. अशा मशीनवर ना आपली इमेज, ना आपला अँटिव्हायरस एजंट. वजाबाकीत मात्र ते ‘मॅनेज्ड’ म्हणून निघून जातं.

आता स्कॅन. रात्री चालवायचा सल्ला मला कळतच नाही. लॅपटॉप संध्याकाळी बॅगेत बसून घरी जातात, डेस्कटॉप झोपतात. रात्री सापडतात ते सर्व्हर, प्रिंटर आणि कॅमेरे, म्हणजे ज्यांचा ठावठिकाणा बहुधा आधीच माहीत असतो ते. पोर्ट स्कॅन रात्रीच करा, कारण काही जुने प्रिंटर त्याने कागद ओकतात. पण नुसतं ‘कोण जिवंत आहे’ हे विचारणारं स्कॅन दिवसा, आणि वेगवेगळ्या वेळी, चालवायला काहीच हरकत नाही.

याहून मोठी अडचण अशी की स्कॅन नेमक्या चुकीच्या बाजूला आंधळं असतं. डोमेनमधल्या विंडोज मशीनला ऑफिसात डोमेन फायरवॉल प्रोफाइल लागतं. त्यात ग्रुप पॉलिसीने पिंग, फाइल शेअरिंग, रिमोट मॅनेजमेंट हे आपणच उघडून ठेवलेलं असतं, म्हणून ते उत्तर देतं. बाहेरून आणलेला लॅपटॉप त्याच केबलला लावला की त्याला बहुतेक वेळा पब्लिक प्रोफाइल लागतं आणि तो पिंगला गप्प बसतो. रूट म्हणून चालवलेला एनमॅप राउटरपलीकडच्या सबनेटमध्ये डिफॉल्टने चार गोष्टी पाठवतो: आयसीएमपी एको, ४४३ वर सिन, ८० वर ॲक आणि आयसीएमपी टाइमस्टॅम्प. चारही गिळल्या गेल्या की त्याच्या लेखी तिथे कुणी नाही. म्हणजे ज्याला शोधायला निघालो तोच लपतो आणि माहितीतली मशीनं मात्र हात वर करतात.

यावर उपाय आहे. स्कॅनर त्याच व्हीलॅनमध्ये असेल तर एनमॅप एआरपी वापरतो, आणि एआरपीला उत्तर न देता नेटवर्कवर राहणं साध्या मशीनला शक्य नसतं. प्रत्येक व्हीलॅनमध्ये पाय असलेली एक छोटी लिनक्स व्हीएम ठेवली तरी पुरतं:

```
sudo nmap -sn -n 10.20.14.0/24 -oX vlan14.xml
```

यातलं `-sn` म्हणजे पोर्ट स्कॅन नको. `sudo` हवंच, नाहीतर एआरपी होत नाही आणि मॅक ॲड्रेस मिळत नाही. `-n` का, हे पुढच्या उदाहरणातून कळेल. त्यातली नावं-पत्ते बनवलेले आहेत, पण प्रकार नेहमीचा आहे.

मीटिंग रूमच्या व्हीलॅनमध्ये लीज ८ तासांची आहे आणि पत्त्यांचा पूल लहान. मंगळवारी दुपारी २ वाजून २० मिनिटांनी `-n` न लावता स्कॅन केलं. निकालात आलं:

```
Nmap scan report for lap-0412.corp.example (10.20.14.57)
Host is up.
MAC Address: 00:00:5E:00:53:2A
```

LAP-0412 एडीत आहे, परवा लॉगऑनही झालंय. वजाबाकीवाला इथे टिक मारून पुढे जाईल. पण हे नाव त्या मशीनने सांगितलेलंच नाही. एनमॅपने डीएनएसला ‘या आयपीचं नाव काय’ असं विचारलं आणि तिथली पीटीआर नोंद छापली. ती नोंद जुन्या डीएचसीपी सर्व्हरने लिहिली होती. सर्व्हर बदलल्यावर नव्याला ती बदलायचा किंवा पुसायचा अधिकार उरला नाही, आणि विंडोज डीएनएसमधलं स्कॅव्हेंजिंग डिफॉल्टने बंद असतं. त्यामुळे शिळं नाव तिथेच चिकटून राहिलं. आता डीएचसीपीचा ऑडिट लॉग बघा:

```
11,06/16/25,17:41:15,Renew,10.20.14.57,LAP-0412.corp.example,00005E00530B
10,06/17/25,13:52:08,Assign,10.20.14.57,DESKTOP-7K2Q9LM,00005E00532A
```

पहिला आकडा घटनेचा: ११ म्हणजे लीज नूतनीकरण, १० म्हणजे नवी लीज. LAP-0412 ने सोमवारी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास शेवटचं नूतनीकरण केलं आणि ते ऑफिसातून गेलं. ८ तासांनी लीज संपली. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच आयपी वेगळ्या मॅकला मिळाला, आणि स्कॅनमध्ये आलेला मॅक हाच दुसरा आहे. त्याचं नाव DESKTOP- आणि पुढे सात अक्षरं. विंडोज १० आणि ११ इन्स्टॉल करताना कुणी नाव दिलं नाही की असं नाव पडतं. आपल्या इमेजमधून निघालेल्या मशीनला आपल्या पद्धतीचं नाव असतं, त्यामुळे हा पाहुणा आहे हे जवळपास नक्की. पुढे स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो मॅक शोधायचा, पोर्ट मिळतो, पोर्टवरून खोली मिळते आणि मग माणूस.

आयपी बदलतात हा आक्षेप इथेच सुटतो. आयपी ही ओळख नाहीच, ती वेळेशी जोडूनच वाचायची. जोडणीची किल्ली मॅक आणि वेळ. स्कॅन सांगतं की या क्षणी या आयपीवर हा मॅक होता. डीएचसीपी सांगतं की त्या मॅकने स्वतःचं काय नाव सांगितलं. त्या नावावरून एडीत जायचं, कारण एडीकडे मॅक नसतोच. मधलं डीएचसीपी काढलं तर स्कॅन आणि एडी यांना जोडणारं काही उरत नाही, उरतं ते फक्त डीएनएसचं शिळं नाव. शिवाय पब्लिक प्रोफाइलवाला गप्प लॅपटॉपसुद्धा आयपी मागताना डीएचसीपीशी बोलतोच. सीआयएस कंट्रोल्सच्या आठव्या आवृत्तीत पहिल्याच कंट्रोलमध्ये ॲक्टिव्ह स्कॅनसोबत डीएचसीपी लॉगिंग वेगळं नोंदवलंय ते उगाच नाही.

कचरा मात्र खरंच असतो, तो निवडावा लागतो. सध्याच्या लीज अशा निघतात:

```powershell
Get-DhcpServerv4Scope | Get-DhcpServerv4Lease -AllLeases |
  Select IPAddress, ClientId, HostName, AddressState, LeaseExpiryTime
```

`-AllLeases` विसरलात तर फक्त चालू लीज येतात. इथे ‘शेवटचं कधी दिसलं’ असा रकाना नाही, पण संपायच्या वेळेतून लीजची मुदत वजा केली की शेवटच्या नूतनीकरणाची वेळ मिळते. मॅक तीन तऱ्हांनी लिहिलेला येतो: लीजमध्ये डॅश, एनमॅपमध्ये कोलन, ऑडिट लॉगमध्ये सलग. आधी सगळे सलग आणि मोठ्या अक्षरांत करून घ्या, नाहीतर जोडणी रिकामी येईल आणि सगळंच ‘अनमॅनेज्ड’ दिसेल.

मॅकचा दुसरा हेक्स अंक २, ६, A किंवा E असेल तर तो कंपनीने दिलेला नाही, सॉफ्टवेअरने ठरवलेला आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर डिफॉल्टने असा मॅक वापरतात. त्यांचा वेगळा ढीग करा. तारेच्या व्हीलॅनमध्ये असा मॅक दिसला तर मात्र नीट बघा, बहुतेक वेळा कुणाच्या तरी मशीनवर चालणारी व्हीएम निघते. यूएसबी-सी डॉकही फसवतात. मॅक डॉकचा आणि नाव लॅपटॉपचं, त्यामुळे एकाच मॅकवर आठवड्यात पाच नावं दिसतात. अशा ठिकाणी नावावर भिस्त ठेवा, मॅकवर नाही.

विंडोज डीएचसीपीचे ऑडिट लॉग `DhcpSrvLog-Mon.log`, `DhcpSrvLog-Tue.log` असे वारांच्या नावाने असतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच वाराला त्याच फाइलवर लिहिलं जातं. वरच्या उदाहरणात सोमवार-मंगळवार अशा दोन फाइल लागल्या. आठ दिवस उशीर झाला असता तर दोन्ही गेल्या असत्या. रोज रात्री त्या दुसरीकडे कॉपी करा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, ते डिफॉल्ट सेटिंगवर सोडून जमणारं नाही.

राहिली वजाबाकी. तिची एक ओळ पुरत नाही, कारण उत्तरं वेगवेगळी निघतात. डीएचसीपीत आहे पण एडीत नाही: पाहुणा, फोन किंवा लिनक्स मशीन. एडीत आहे, नेटवर्कवरही दिसतं, पण अँटिव्हायरस किंवा पॅचच्या कन्सोलमध्ये नाही: हा गट मी सगळ्यात आधी बघतो, कारण इथे कुणालाच संशय नसतो. एआरपी स्कॅनमध्ये आहे पण डीएचसीपीत नाही: हाताने आयपी दिलेली यंत्रं, म्हणजे कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हजेरीचं बायोमेट्रिक, जुना प्रिंटर. ज्या व्हीलॅनमध्ये स्कॅनरचा पाय नाही, तिथे राउटरचं एआरपी टेबल दर काही मिनिटांनी उचललं की यातले बरेचसे सापडतात.

तरी एक गोष्ट या तिन्ही नोंदींतून सुटते. कुणी डेस्कखाली घरचा वायफाय राउटर लावला आणि त्याने नॅट केलं, तर आपल्याला एक मॅक, एक लीज दिसते. मागचे सहा फोन दिसत नाहीत. मॅकचे पहिले सहा अंक राउटर बनवणाऱ्या कंपनीचे असतील आणि तो ॲक्सेस पोर्टवर असेल, तर तिथवर चालत जावंच लागतं. त्याने लॅपटॉपचा मॅक क्लोन केला असेल तर तेही कळत नाही. तशा ठिकाणी त्या पोर्टवरच्या पॅकेटांचे टीटीएल बघा. विंडोज १२८ ने सुरू करतं आणि लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन ६४ ने. एकाच मॅककडून १२७ आणि ६३ यायला लागले, म्हणजे मध्ये एक राउटर आहे आणि त्याच्या मागे किमान दोन यंत्रं आहेत.