उतारावर आपोआप चढणारा ठोकळा

भाचीची फिजिक्सची वर्कशीट तपासून आली आणि तिसऱ्या गणितावर लाल पेनाने ही एवढी मोठी फुली. तिने उत्तर लिहिलेलं २४.५ न्यूटन, शेजारी शेरा, "f = μN वापरा, उत्तर २९.७". दोन मार्क गेले. आता मार्क तिचे गेले पण गणित तिला समजावलं होतं मी, त्यामुळे ती फुली बघून माझंच डोकं फिरलं आणि अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

गणित असं. ५ किलोचा ब्लॉक ३०° च्या खरखरीत उतारावर स्थिर आहे. स्टॅटिक फ्रिक्शनचा, म्हणजे वस्तू हलायच्या आधीच्या घर्षणाचा, गुणांक μ ०.७, गुरुत्वाचं त्वरण g घ्यायचं ९.८. ब्लॉकवर फ्रिक्शन किती? "स्थिर आहे" हे दोन शब्द छापील आहेत बरं का, मी पदरचे घातलेले नाहीत. (हे ब्लॉक कोण नेऊन ठेवतं कायम उतारांवर, हे मला शाळेपासून कळलेलं नाही. पाचच किलो, दहाच किलो, कधी ४ किलो ७३० ग्रॅमचा ब्लॉक नाही. आणि जरा बरं चाललंय असं वाटलं की त्याला दोरी बांधतात, दोरी पुलीवरून नेतात आणि दुसऱ्या टोकाला अजून एक ब्लॉक लटकवतात. पुलीला वजन नाही, दोरी ताणत नाही, सगळं जग आदर्श, फक्त सोडवणारा सोडून.)

तर भाचीला मी आधी फ्री बॉडी डायग्राम काढायला लावला. ब्लॉक एकटा, उतार पुसून टाकायचा, आणि ब्लॉकवर बाहेरून कोण कोण बल लावतंय तेवढेच बाण. पृथ्वी सरळ खाली ओढतेय, ते वजन mg, ५ × ९.८ म्हणजे ४९ न्यूटन. उताराचा पृष्ठभाग त्याला लंब दिशेने ढकलतोय, तो नॉर्मल, N. आणि तोच पृष्ठभाग उताराला समांतर, वरच्या बाजूला धरून ठेवतोय, ते फ्रिक्शन, f. तीन बाण, संपलं. इथे पोरं हमखास चौथा आणि पाचवा बाण काढतात, mg sinθ आणि mg cosθ चा, आणि mg चा मूळ बाणही तसाच ठेवतात. म्हणजे वजन दोनदा मोजलं, एकदा अखंड आणि एकदा तुकड्यांत. भाचीने पण तेच केलं, मग मी सांगितलं की तुकडे करायचे तर तुटक रेषेने कर आणि मूळ बाणावर काट मार.

मग अक्ष तिरके करायचे, x उताराच्या बाजूने, y त्याला लंब. वजनाचा लंब घटक ४९ × cos ३०°, म्हणजे ४२.४. त्या दिशेने ब्लॉक ना उतारात घुसतोय ना हवेत उडतोय, म्हणून N पण ४२.४. (४९ नाही! N म्हणजे mg असं सपाट टेबलावरची गणितं करून करून डोक्यात पक्कं बसतं आणि उतारावर दगा देतं.) उताराच्या बाजूचा घटक ४९ × sin ३०°, म्हणजे २४.५. साइन कुठे आणि कॉस कुठे यात गोंधळ झाला तर कोन शून्य करून बघायचा, उतार सपाट झाला की खाली घसरवणारं बल उरायलाच नको, आणि sin ० शून्य, म्हणजे घसरवणारा साइन. पाठ करायची गरज नाही.

आता ब्लॉक स्थिर आहे. खाली खेचणारं २४.५, तर वर धरणारं पण २४.५ असणार, नाहीतर तो हलला असता. फ्रिक्शन २४.५ न्यूटन. μN म्हणजे ०.७ × ४२.४ = २९.७, ही फ्रिक्शनची कमाल मर्यादा. २४.५ त्या मर्यादेच्या आत बसतं, म्हणून ब्लॉक टिकून राहतो. μ चं काम तेवढंच, टिकेल की नाही ते तपासायचं.

इतकं सरळ आहे हो. पण फुलीवरून मी आणि भाची हळहळत बसलो होतो तिथे मेव्हण्यांचे काका आले. काका रिटायर्ड इंजिनिअर आहेत, कुठल्या शाखेचे ते कधी नीट कळलेलं नाही, विचारलं की "सगळंच बघायचो" म्हणतात. त्यांनी वर्कशीट हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला (म्हणजे त्यांना चष्म्याशिवायच वाचता येतं, मग तो घालतात कशाला देव जाणे) आणि म्हणाले, "बरोबरच कापलेत. फ्रिक्शन म्हणजे म्यू एन. आमच्या वेळेपासून आहे."

मी म्हटलं, "काका, ते जास्तीत जास्त झालं."

"जास्तीत जास्त वगैरे तुमचं. फॉर्म्युला आहे की नाही?"

"फॉर्म्युला आहे, पण मर्यादेचा आहे. f बरोबर μN नाही, f μN पेक्षा कमी किंवा फार तर तेवढं."

"आमच्यात असं कमी-जास्त नव्हतं. बरोबरचं चिन्ह असायचं."

मी म्हटलं ठीक आहे, तुमचं बरोबर धरू. फ्रिक्शन वरच्या दिशेला २९.७, वजनाचा घटक खालच्या दिशेला २४.५. उरलं ५.२ न्यूटन, वरच्या दिशेला. ५ किलोने भागा, त्वरण साधारण १.०४ मीटर प्रति सेकंद वर्ग, चढाकडे. म्हणजे काका, तुमचा ब्लॉक उतारावर ठेवला की कोणी हात न लावता आपोआप वर चढत जातो. खरखरीत उतारावर गाड्या बंद करून सोडून द्यायच्या, सकाळपर्यंत घाटमाथ्यावर.

भाची खो खो हसली. काका अजिबात नाही. ते गंभीरपणे विचार करायला लागले, आणि पुढचं वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "चढणार नाही. ब्लॉक चढत नसतो. पण मग ते वरचं ५.२ न्यूटन फ्रिक्शन जातं कुठे?"

"कुठेच जात नाही, काका. ते निर्माणच होत नाही."

"असं कसं? ०.७ दिलाय ना? मग ते तयार असणारच. ब्लॉकच्या खाली साठून राहत असेल."

साठून! ब्लॉकच्या खाली फ्रिक्शनची टाकी. मी कागद घेतला. म्हटलं, आता या ब्लॉकला दोरी बांधून उताराच्या वरच्या दिशेला १० न्यूटनने ओढू. फ्रिक्शनचं काम १० ने हलकं झालं, उरलं १४.५. काका "हं" म्हणाले. आता २४.५ ने ओढू. सगळा भार दोरीने घेतला, फ्रिक्शन शून्य. इथे काकांनी हात वर केला. "खरखरीत उतार आणि फ्रिक्शन शून्य? मग खरखरीत कशाला म्हणायचं?"

"खरखरीत म्हणजे गरज पडली तर धरू शकेल, काका. आत्ता गरज नाही."

"आणि अजून जोरात ओढलं तर?"

प्रश्न चांगला होता, हे मान्य करायला जिवावर येतंय पण होता. ४० ने ओढलं तर ब्लॉक वर सरकायला बघतो, मग फ्रिक्शन तोंड फिरवतं आणि खालच्या दिशेला १५.५ लावतं. दिशाच बदलली! हे असं ५४.२ पर्यंत चालतं, २४.५ अधिक २९.७, त्यापलीकडे ओढलं की ब्लॉक वर निघाला. म्हणजे तोच ब्लॉक, तोच उतार, तोच ०.७, आणि फ्रिक्शन कधी वर, कधी शून्य, कधी खाली. μN मात्र या सगळ्या वेळात ढिम्म २९.७. मग एकच आकडा सगळीकडे बरोबर कसा असेल?

काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दोरी गणितात दिलेली नाही."

आता यावर काय बोलायचं. वर त्यांनी नवीनच काढलं, की मुळात अक्ष तिरके करणं हीच फसवणूक आहे, x म्हणजे आडवा, तो आडवाच पाहिजे. म्हटलं घ्या आडवा. वजन आता तुकडे न करता सरळ खाली जातं, पण N आणि f दोघांचेही घटक पाडावे लागतात आणि दोन समीकरणं एकत्र सोडवावी लागतात. आडव्या दिशेत N sin ३०° = f cos ३०°, उभ्या दिशेत N cos ३०° + f sin ३०° = ४९. पहिल्यातून f = N tan ३०°, दुसऱ्यात घातलं की N ४२.४ आणि f पुन्हा २४.५. काकांच्या २९.७ ला आडव्या अक्षांनीही विचारलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही पद्धतींनी चूक येतंय."

काकांचं सोडा, काका घरचे आहेत, त्यांच्याशी हरणं-जिंकणं चालतं. मला राग येतो तो त्या फुलीचा. उत्तरांच्या यादीत २९.७ छापलंय, तपासणाऱ्यांनी यादी बघून फुली मारली, पायऱ्या बघितल्याच नाहीत. मुलीने फ्री बॉडी डायग्राम काढलाय, अक्ष तिरके केलेत, टिकतो की नाही तेही तपासलंय, २४.५ < २९.७ असं चक्क लिहिलंय, आणि शेऱ्यात काय तर "μN वापरा". वापरलंय की! जिथे वापरायचं तिथे वापरलंय.

आणि गंमत म्हणजे त्याच गणिताचा (ब) भाग बरोबर आलाय. त्यात उतार ४०° केलाय, कायनेटिक, म्हणजे घसरत असतानाचा, μ ०.५ दिलाय. खेचणारा घटक ३१.५, N ३७.५, मर्यादा २६.३, ती कमी पडली म्हणून ब्लॉक सुटला. घसरायला लागल्यावर फ्रिक्शन खरंच μN, पण कायनेटिकचा μ, १८.८ न्यूटन, उरलेलं १२.७, त्वरण साधारण २.५५. पूर्ण मार्क. म्हणजे जिथे फॉर्म्युला सरळ टाकायचा असतो तिथे शाबासकी आणि जिथे थांबून बघायचं असतं, हलतोय का हा ब्लॉक, तिथे फुली. पोरं यातून काय शिकणार? थांबायचं नाही, टाकायचा फॉर्म्युला.

मी भाचीला म्हटलं जाऊन विचार, दोन मार्क परत माग, ब्लॉक चढायला लागतो ते करून दाखव. तिने एकदा वर्कशीटकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मामा, पुढच्या आठवड्यात टेस्ट आहे. तेच तपासणार आहेत. मी आधी २९.७ लिहीन आणि खाली कंसात २४.५."

काका लगेच म्हणाले, "कंसात २९.७ लिही."