चेन 'टाइट' करून घेणाऱ्यांनो, जरा थांबा

गेल्या रविवारी मोटारसायकलवरून मोहोळहून सोलापूरला येत होतो. मागे बायको, मांडीवर पिशवी. लांबोटी मागे टाकून पाकणीच्या अलीकडे आलो आणि खाड् करून आवाज झाला. इंजिन ओरडतंय, पण गाडी काही ओढेना. चेन तुटून मागे रस्त्यावर पडली होती. मागचं चाक जाम झालं नाही, हे नशीब. ट्रकच्या पुढ्यात जाम झालं असतं तर काय, हा विचार अजून जात नाही.

टळटळीत ऊन. एका टेम्पोवाल्या दादांनी फोन लावून दिला आणि अर्ध्या तासात पुढच्या टपरीतले मेस्त्री आले. त्यांनी चेनला हात लावण्याआधी पुढच्या स्प्रॉकेटचं, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचं, कव्हर उघडलं. तुटलेली चेन तिथे गोळा झाली तर इंजिनची केसच फुटते. चीर नाही, ऑइल गळत नाही, हे बघितल्यावरच म्हणाले, "होतंय काम."

मग चेनच्या कडीची तुटलेली पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. "बघा सर, अर्धी काळी, अर्धी चकचकीत. काळी बाजू आधीच तडकलेली. आज फक्त उरलेली तुटली."

बाहेरची पट्टी गेलेली, म्हणून सोपं होतं. उरलेल्या पिनेचं डोकं कानशीनं घासलं, खाली नट ठेवून पंचनं पिन पाडली आणि चेनची दोन टोकं जोडणारं त्याच मापाचं लॉक डब्यातून काढून बसवलं. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवलं. उलटी बसवली तर काहीतरी घासून क्लिप निघू शकते.

खरी गोष्ट पुढची. "आधी चेन कशी होती?" मेस्त्रींनी विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, आवाज येत होता म्हणून महिन्यापूर्वी एकदम टाइट करून घेतली. त्यांनी आता ढील ठेवून चेन बोटानं वर-खाली हलवून दाखवली. मग आम्हा दोघांना गाडीवर बसवलं. ढील निम्म्यावर आली! वजनानं मागचं चाक वर सरकतं, पुढच्या स्प्रॉकेटपासून लांब जातं आणि चेन ताणली जाते. स्टँडवरच तार झालेल्या चेनला खड्ड्यात द्यायला काही उरतच नाही. तो ताण पट्ट्यांवर आणि बेअरिंगवर येतो.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे, गाडीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेली ढील ठेवा. आवाज येतोय म्हणून नट पिळू नका. चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली लागत असेल तर ती संपली आहे, कितीही ओढा.

मेस्त्रींनी दीडशे रुपये घेतले आणि बजावलं, "हे घरापर्यंतच. किट बदला." सोलापुरातल्या सात रस्ता चौकापर्यंत काटा चाळीसच्या वर नेला नाही. दुसऱ्या दिवशी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलले. जुन्याचे दात एका बाजूला आकड्यासारखे वाकले होते.

आता डिकीत त्याच मापाचं एक लॉक असतं.