पाच विभाग मिळून साडेएकोणऐंशी टक्के

एक्सेलमधला विभागवार विक्रीचा तक्ता एकदाचा पूर्ण होतो आणि मीटिंगला दहा मिनिटं उरलेली असताना साहेबांना आठवतं की टक्के राहिले. "एकूण विक्रीत कोणाचा वाटा किती, तेवढं टाका की शेजारी. एका मिनिटाचं तर काम आहे." आहेच एका मिनिटाचं. उरलेली नऊ मिनिटं ते निस्तरण्यात जातात आणि मला बोलायचंय ते त्या नऊ मिनिटांबद्दल.

तक्ता साधाच घेऊ, म्हणजे दोष तक्त्यावर ढकलता येणार नाही.

```
     A        B
1    विभाग    विक्री
2    उत्तर    240000
3    दक्षिण   180000
4    पूर्व     90000
5    पश्चिम   150000
6    मध्य     140000
7    एकूण     =SUM(B2:B6)
```

बेरीज येते आठ लाख. उत्तरचे दोन लाख चाळीस हजार म्हणजे ३० टक्के, हे तोंडीही जमतं. तरी आपण C2 मध्ये `=B2/B7` लिहितो, 0.3 येतं, वरचं टक्क्याचं बटण दाबतो, 30% दिसतं. (इथे काही सावध मंडळी आधीच शंभरनं गुणून ठेवतात आणि मग बटणही दाबतात. बटण स्वतःच शंभरपट करून दाखवत असल्यामुळे उत्तर विभागाचा वाटा 3000% होतो. साहेब खूश व्हायला हवेत, पण होत नाहीत.) पहिलं उत्तर बरोबर आल्यामुळे हुरूप येतो. सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर माउस नेला की काळं अधिकचिन्ह दिसतं, त्यावर डबल क्लिक केलं की फॉर्म्युला खालपर्यंत भरला जातो. जातोच. आणि C3 पासून C7 पर्यंत ओळीनं पाच वेळा `#DIV/0!` उभं राहतं.

यात एक्सेलची काही चूक नाही, हे सांगताना मला त्रास होतो, पण नाही. आपण `B2/B7` लिहिलं तेव्हा आपल्या मनात होतं, 'उत्तरची विक्री भागिले एकूण'. एक्सेलनं ऐकलं ते वेगळंच: 'माझ्या डावीकडचा सेल भागिले, त्याच कॉलममधला आणखी पाच ओळी खालचा सेल'. C2 मध्ये उभं राहून मोजलं तर दोन्ही एकच. एक ओळ खाली उतरून C3 मधून मोजलं, की डावीकडे B3 मिळतो आणि पाच ओळी खाली B8, जिथे कोणी राहत नाही. रिकाम्या सेलची किंमत शून्य धरली जाते आणि शून्यानं भागता येत नाही, म्हणून ही ओरड. C4 मध्ये B9, C5 मध्ये B10, अशी रिकाम्या घरांची दारं वाजवत तो फॉर्म्युला खाली जात राहतो.

`#DIV/0!` बघून लोक घाबरतात. मला तो सज्जन वाटतो. चूक झाली तर तोंडावर सांगतो. खरी भीती वाटायला हवी ती न ओरडणाऱ्या चुकांची. समजा कोणीतरी B9 मध्ये गेल्या वर्षाची एकूण विक्री लिहून ठेवली आहे. मग C4 मध्ये पूर्व विभागाची यंदाची विक्री निमूटपणे गेल्या वर्षाच्या बेरजेनं भागली जाते आणि एक देखणी टक्केवारी हजर होते. वरच्या-खालच्या `#DIV/0!` मध्ये तेवढंच एक शहाणं उत्तर दिसल्यामुळे आपण तेच खरं धरून बाकीच्यांची दुरुस्ती करायला घेतो.

उपाय सगळ्यांना माहीत असतो, फक्त वेळेवर आठवत नाही. एकूण विक्रीचा सेल जागेवर खिळवायचा:

```
=B2/$B$7
```

हे डॉलर हातानं टाइप करायची गरज नाही. फॉर्म्युल्यात कर्सर B7 वर ठेवून `F4` दाबलं की दोन्ही डॉलर येतात. लॅपटॉपवर बहुतेक वेळा `Fn` सोबत दाबावं लागतं, नाहीतर आवाज तरी वाढतो किंवा स्क्रीन तरी अंधारते. पुन्हा `F4` दाबलं तर `B$7` होतं, आणखी एकदा दाबलं तर `$B7`, चौथ्यांदा डॉलर गायब. म्हणजे घाईघाईत चार वेळा दाबणारा माणूस भरपूर काम केल्याच्या समाधानात निघाला तिथेच परत येतो. तिसऱ्या थांब्यावर उतरणाऱ्याचं दुःख आणखी वेगळं. `$B7` मध्ये डॉलर दिसतो, म्हणून कुलूप लागल्यासारखं वाटतं, पण ते लागलंय कॉलमच्या अक्षराला. आपण भरतोय खाली, सरकतोय तो ओळीचा आकडा. तेव्हा डॉलर आकड्याला लागून डावीकडे हवा. खाली भरण्यापुरतं `B$7` सुद्धा पुरतं. आणि हो, या डॉलरचा चलनाशी काही संबंध नाही. फॉर्म्युल्यात तो बघून "आपली विक्री डॉलरमध्ये कधीपासून?" असं विचारणाऱ्याला हे शांतपणे सांगावं.

खुंटी ठोकायच्या भरात भाजकाबरोबर भाज्यही ठोकला, म्हणजे `=$B$2/$B$7` झालं, तर पाचही विभागांना 30% मिळतात. समता येते, हिशेब जातो. ही चूक निदान नजरेला लगेच टोचते.

आता येतो हुशारांचा मार्ग. त्यांचं म्हणणं, एकूणच्या सेलवर अवलंबून राहायचंच कशाला, बेरीज फॉर्म्युल्यातच करू: `=B2/SUM(B2:B6)`. विचार उत्तम, उत्तर 30% बरोबर. डबल क्लिक. एकही `#DIV/0!` नाही. दक्षिण 13.24%, पूर्व 7.63%, पश्चिम 13.76%, मध्य 14.89%. सगळे आकडे सभ्य, दशांशासकट, प्रोजेक्टरवर शोभतील असे. आणि पहिला सोडून सगळे चूक. कारण बेरजेचा B2:B6 हा पट्टाही फॉर्म्युल्याबरोबर खाली सरकला. C3 मध्ये तो `SUM(B3:B7)` झाला, म्हणजे उत्तर विभाग वरून निसटला आणि एकूणचे आठ लाख खालून आत शिरले. दक्षिणचे एक लाख ऐंशी हजार भागिले तेरा लाख साठ हजार. खरा वाटा 22.5%, छापला गेला 13.24%. पूर्वला 11.25% ऐवजी 7.63%. दक्षिणच्या मॅनेजरनं मीटिंगमध्ये मान खाली घातली, तर त्याचं कारण विक्री नसून दोन-चार डॉलर असू शकतात.

आणि यावर कडी म्हणजे, डबल क्लिकनं भरलेला फॉर्म्युला शेजारच्या कॉलममध्ये डेटा असेपर्यंत जातो, म्हणजे एकूणच्या ओळीतही उतरतो. C7 मध्ये `=B7/SUM(B7:B11)` होतं. खाली सगळं रिकामं, म्हणजे आठ लाख भागिले आठ लाख. उत्तर 100%. वरचे पाच आकडे मिळून साडेएकोणऐंशी टक्के भरतात आणि त्यांच्याखाली ठळक अक्षरांत 100% विराजमान! साहेबांची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. "हं, शंभर आले, बरोबर आहे."

या शंभरावर माझा मुळीच विश्वास नाही. अगदी डॉलर नीट लावलेल्या फॉर्म्युल्यातही C7 मध्ये `=B7/$B$7` येतं. कुठल्याही आकड्याला त्यानंच भागलं तर शंभर टक्केच येणार. B7 मध्ये कोणाचा मोबाइल नंबर असला तरी. म्हणून त्या सेलमधला भरलेला फॉर्म्युला पुसून तिथे वरच्या टक्क्यांची बेरीज घालायची:

```
=SUM(C2:C6)
```

हा सेल खोटं बोलत नाही. सरकलेल्या पट्ट्याच्या वेळी त्यानं 79.52% दाखवलं असतं. दुसरा एक छुपा रोगही तोच पकडतो. समजा दक्षिणचा आकडा दुसऱ्या फाइलमधून आला आणि संख्येऐवजी टेक्स्ट म्हणून बसला. दिसायला तसाच, फक्त सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला. `SUM` अशा टेक्स्टकडे ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे एकूण होते सहा लाख वीस हजार. पण भागाकार मात्र त्याच टेक्स्टला गुपचूप संख्या मानतो आणि दक्षिणला 29.03% देऊन टाकतो. बेरजेत नाही, वाट्यात आहे! `B7/$B$7` अजूनही 100% म्हणत बसतो. `SUM(C2:C6)` सांगतो 129.03%, आणि आपण डावीकडे चिकटलेला आकडा शोधायला लागतो.

मीटिंगआधी एवढ्यानंही चैन पडत नसेल, तर शेवटच्या विभागाच्या सेलवर, म्हणजे C6 वर जाऊन `F2` दाबावं. पहिल्यावर नाही, कारण पहिला नेहमीच बरोबर असतो. फॉर्म्युल्यातले सेल रंगीत चौकटींत दिसतात. एक चौकट मध्यच्या विक्रीवर आणि दुसरी एकूणवर असेल तर मधले सगळे ठीक असणार. दुसरी चौकट खाली कुठेतरी रिकाम्यात तरंगत असेल तर डॉलर राहिला.

यावर एक शंका हमखास येते: मध्येच नवा विभाग घातला तर खिळलेला `$B$7` चुकीच्या ओळीवर नाही का राहणार? नाही. पश्चिमच्या वर ओळ घातली की एकूण आठव्या ओळीत जातं आणि फॉर्म्युला आपणहून `$B$8` होतो. बेरजेचा पट्टाही B2:B7 होतो. डॉलर फक्त कॉपी करताना आणि भरतानाच सरकू देत नाही. नव्या ओळीत टक्क्यांचा फॉर्म्युला आला का, तेवढं बघावं. ओळ मध्यच्या खाली, एकूणला लागून घातली असेल तर `SUM` चा पट्टाही तपासावा, कारण तो तिथवर वाढलेला असेलच असं नाही.

सगळं जुळलं. डॉलर जागेवर, बेरीज 100%. आता साहेब म्हणतात, "दशांश कशाला? आकडे सुटसुटीत करा." दशांश काढले की दिसतं: 30, 23, 11, 19, 18. कोणीतरी मोबाइलवर बेरीज करतं आणि 101 येतात. तक्त्याखाली मात्र 100% लिहिलेलं. आतले खरे आकडे 22.5 आणि 17.5 असल्यामुळे दोघंही अर्धा-अर्धा टक्का वर चढून बसलेत, एवढीच भानगड. एक दशांश दाखवला तर सुटेल म्हणावं, तर 11.25 चे 11.3 आणि 18.75 चे 18.8 होऊन बेरीज 100.1. दोन दशांशांवर एकदाची बरोबर 100.00 येते, तीही याच आकड्यांपुरती. या क्षणी फॉर्म्युल्यात `ROUND` घालायचा मोह होतो. घालू नये. `=ROUND(B2/$B$7,2)` केलं की दिसणारेच काय, आतलेही आकडे बदलतात आणि खालचा प्रामाणिक सेलही 101% दाखवायला लागतो. त्यापेक्षा आकडे आत पूर्ण ठेवावेत, बाहेर फॉरमॅटनं हवे तेवढे दशांश दाखवावेत आणि तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहावं: 'पूर्णांकनामुळे बेरजेत किरकोळ फरक दिसू शकतो.' ती ओळ कोणी वाचत नाही, पण मोबाइल काढणाऱ्याला दाखवता येते.