बाय कितीही द्या, २३ टीमना मॅच २२च लागणार

"नॉकआउटला टीमपेक्षा एक मॅच कमी हे फक्त ८, १६, ३२ टीम असल्या तरच चालतं. २३ टीम आल्या की बाय द्यावे लागतात, मग मॅच किती होणार ते लॉट्स कसे पाडले त्यावर ठरतं. आणि फुटबॉल वर्ल्डकपमध्ये १६ टीम उरतात तेव्हा मॅच पण १६च होतात, बघा मोजून!"

असं म्हणणाऱ्याला उत्तर देताना आधी बायचं बघू. २३ टीमना ३२चा तक्ता घेतला तर ९ बाय जातात, म्हणजे ९ टीम न खेळताच पुढे, उरलेल्या १४ टीमच्या ७ मॅच, त्यातले ७ विजेते आणि ९ बायवाले मिळून १६, आणि मग ८, ४, २, १. बेरीज २२. गोंधळ होतो तो तक्त्यामुळे, कारण ३२च्या तक्त्यात जोड्यांचे ३१ रकाने छापलेले असतात आणि लोक तेच मोजतात, पण त्यातल्या ९ रकान्यांत समोर कोणी नसतंच, तिथे मॅच होत नाही.

आता लॉट्स वेगळे पाडा. सगळे बाय पहिल्याच राउंडला न देता, ज्या राउंडला टीम विषम होतील तिथे एकीला बाय द्या. २३ मध्ये ११ मॅच, उरल्या १२. मग ६, मग ३, उरल्या तीन टीम, एकीला बाय आणि एक मॅच, मग फायनल. ११+६+३+१+१, परत २२च. अगदी एका मॅचचा विजेता पुढच्या नव्या टीमशी अशी साखळी लावली तरी २२, फक्त राउंड पाचाच्या जागी बावीस होतील आणि पहिल्या दोन टीमवर धडधडीत अन्याय होईल, तो भाग वेगळा.

असं का होतं? एक मॅच झाली की बरोबर एक टीम घरी जाते, आणि चॅम्पियन सोडून प्रत्येक टीम एकदाच घरी जाते. २३ पैकी २२ जणींना घरी पाठवायचंय ना, मग प्रत्येकीसाठी एक मॅच लागणारच, बायमध्ये कोणी बाहेर जातच नाही त्यामुळे तो या हिशोबात येतच नाही. तुमच्या कागदावर २३ मॅच भरल्या तर हरलेल्या टीमची यादी करा, एखादं नाव दोनदा येईल किंवा एखाद्या मॅचपुढे कोणाचंच नाव नसेल.

वर्ल्डकपचं उत्तर यातच आहे. २०२२ ला कतारमध्ये क्रोएशिया आणि मोरोक्को दोघंही सेमीफायनल हरलेले होते, तरी तिसऱ्या नंबरसाठी खेळले. मोरोक्को दोनदा हरलं. म्हणजे नॉकआउटच्या १५ आणि ही एक जादा. इंग्लंडच्या एफए कपात उलटं व्हायचं, मॅच ड्रॉ झाली की रिप्ले, म्हणजे पहिल्या मॅचने कोणालाच बाहेर काढलं नाही (२०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांत ते रिप्ले बंद केलेत). पेनल्टीवर निकाल लागला की हा प्रश्न येत नाही.

वॉकओव्हर मात्र लक्षात ठेवा, तिथे टीम बाहेर जाते पण खेळ होत नाही, म्हणून कागदावर २२ आणि ग्राउंडवर २१ दिसतील.