बोट फिरवून ‘ओरिजिनल’ ओळखणाऱ्यांसाठी

‘मूळ प्रमाणपत्र की कलर झेरॉक्स, एका मिनिटात ओळखा! १) अक्षरांवरून बोट फिरवा. उठाव लागला तर ओरिजिनल, गुळगुळीत लागलं तर झेरॉक्स. २) ओरिजिनलचा कागद कडक आणि करकरीत असतो. ३) पाण्याचा थेंब टाका, रंग सुटला तर डुप्लिकेट. ४) नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कागद चमकला तर ओरिजिनल. सगळ्या पालकांना पाठवा.’

चिपळूणला माझी बरीच वर्षं ऑफसेट मशीनवर गेली, आता झेरॉक्सचं दुकान आहे. म्हणजे दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लंय. हा मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहायला बसलो.

पहिला मुद्दा नुसता चुकीचा नाही, उलटा आहे. ऑफसेटमध्ये शाई रबरी ब्लँकेटवरून कागदावर उतरते. तो थर जेमतेम १ मायक्रॉनचा असतो आणि त्यातली बरीचशी शाई कागद पिऊन टाकतो. बोटाला काही लागत नाही. कलर झेरॉक्सचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक पावडर. गरम रोलरखाली ती वितळून कागदाच्या वर चिकटते, आत मुरत नाही. तिचा थर ऑफसेटच्या कित्येक पट जाड. तेव्हा बोटाला जो उठाव लागतो तो बहुतेक वेळा टोनरचाच.

आता गंमत अशी, की खऱ्या प्रमाणपत्रावरही टोनर असतो. चौकट, बोधचिन्ह, मागची वेलबुट्टी हजारोंच्या संख्येनं ऑफसेटवर आधी छापून ठेवतात आणि विद्यार्थ्याचं नाव, श्रेणी, वर्ष नंतर लेझर प्रिंटरवर टाकतात. म्हणून नावावर बोट फिरवून काहीच कळत नाही. विचारायचं ते वेगळंच: या एका कागदावर छपाईच्या तऱ्हा किती? मूळ कागद दोन-चार यंत्रांतून आणि माणसांच्या हातांतून गेलेला असतो. झेरॉक्स एकाच यंत्रातून एकाच फेरीत बाहेर पडते, त्यामुळे शाईची सही, शिक्का, चौकट, नाव, सगळं तिच्यात एकाच पावडरीचं होऊन जातं.

मागच्या वर्षी गुहागरकडच्या एक काकू मुलीच्या डिप्लोमाचे दोन कागद घेऊन आल्या. कधीतरी जाड कागदावर कलर झेरॉक्स काढून ठेवली होती आणि दोन्ही एकाच फायलीत राहिले. ‘दादा, ह्यातला खरा खयचा ता सांगा, मुंबईक पाठवचा हा.’ काकूंचं माहेर मालवणचं. बोटाला दोन्हीकडचं नाव सारखंच उठावदार लागत होतं. मेसेजच्या हिशेबानं दोन्ही ओरिजिनल!

दुकानातली ट्यूब बंद केली आणि मोबाईलचा टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून बाजूनं मारला. एका कागदावर फक्त नाव आणि श्रेणी चमकली, चौकट कागदासारखीच निस्तेज राहिली. दुसऱ्यावर चौकटीसकट सगळं एकसारखं चकाकलं. इथंच अर्धा निकाल लागला होता.

मग सोनारांकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग चौकटीवर धरलं. प्रेसमध्ये अशा चौकटीला बहुधा हिरवी शाई वेगळी घोटून वापरतात, त्यामुळे बारीक रेघ सलग आणि एकाच रंगाची दिसते. पहिल्या कागदावर ती तशीच होती. यंत्राकडे हिरवा टोनर नसतो; ते निळसर आणि पिवळ्या ठिपक्यांतून हिरवा भास उभा करतं. दुसऱ्या कागदावर रेघ फुटून त्या ठिपक्यांची रांग झाली होती. शिवाय कोऱ्या जागेत पावडरीचे सुटे कण सांडलेले आणि घडीवर टोनर तडकून पांढरी चीर पडलेली.

राहिला अनुक्रमांक. तो नंबरिंग मशीननं दाबून मारलेला असेल तर कागद उलटा करून बोट फिरवा, आकड्यांच्या पाठी उमटलेल्या लागतात. स्पर्शाची ही खूण मात्र मी मानतो. पहिल्या कागदाला ती होती, दुसऱ्याची पाठ सपाट. जांभळा शिक्काही पहिल्यावर कागदाच्या तंतूंत पसरून मागून पुसट दिसत होता. दुसऱ्यावर तोच जांभळा भिंगाखाली निळ्या आणि गुलाबी ठिपक्यांचा निघाला. सहीचा मात्र उपयोग झाला नाही. पेनची असती तर तिरप्या उजेडात चर दिसली असती, पण ती मुळातच छापील होती. बऱ्याच पदव्यांवर अशीच असते, तेव्हा चर नाही म्हणून कुणाच्या पोराला खोटं ठरवू नका.

कागदाच्या करकरीतपणाचं काय सांगू? तो आमच्या दुकानात विकत मिळतो, जाड बाँड पेपर मागा की झालं. आणि ज्यानं हे लिहिलं त्यानं पावसाळ्यात कोकणातलं कपाट उघडलेलं नाही. आषाढात इथं पापड सादळतात, तिथं कागदाची काय कथा. वीस वर्षांपूर्वीचं खरं सर्टिफिकेट श्रावणात फडक्यासारखं लोंबतं आणि काल काढलेली झेरॉक्स टणटणीत वाजते. लॅमिनेशन केलेलं असेल तर बोटाला फक्त प्लॅस्टिक लागणार. चकाकीची परीक्षाही तिथं बाद होते, भिंग आणि आरपार उजेड एवढंच हाती उरतं.

पाण्याच्या थेंबाचं वाचून मात्र राग आला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर लोक ओल्या फायली घेऊन दुकानात येत होते. थेंबभर नाही, अख्खे कागद बुडालेले. त्यात काय टिकलं? टोनर. प्लॅस्टिकच तो, पाण्यानं विरघळत नाही, त्यामुळे कलर झेरॉक्सवरची अक्षरं चिखल धुतल्यावर जशीच्या तशी. ऑफसेटची शाई तेलकट, तीही बहुतेक टिकली. सुटलं ते साध्या इंकजेटचं छापील, आणि त्याच्याबरोबर खऱ्या कागदांवरचे रबरी शिक्के आणि शाईच्या पेनच्या सह्या. म्हणजे या परीक्षेत झेरॉक्स पास होते आणि नापास होते ती साहेबांची अस्सल सही. वर प्रमाणपत्राला कायमचा डाग पडतो तो वेगळाच. हा प्रयोग कुणीही करू नये.

निळ्या दिव्याचंही उलटंच. साध्या झेरॉक्सच्या कागदात तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारं रसायन घातलेलं असतं, म्हणून तो अख्खा निळसर उजळतो. सुरक्षेसाठी बनवलेला कागद बहुधा अंधारा राहतो आणि त्यातले धागे किंवा अदृश्य शाईची खूण तेवढी चमकते. पण बरीच जुनी, खरी प्रमाणपत्रं बाजारातल्या साध्या कागदावरच छापलेली आहेत, तीही उजळणार. हा दिवा एकटा काही ठरवू शकत नाही. त्यापेक्षा कागद खिडकीशी धरून जलचिन्ह बघावं. खरं जलचिन्ह कागदाच्या जाडीत असतं, आरपार उजेडात उठतं आणि समोरून जवळजवळ नाहीसं होतं. समोरूनही तितकंच ठळक दिसलं तर ते छापलेलं आहे.

या सगळ्या खटपटीतून एवढंच कळतं, की हातातला कागद प्रेसमधून आला की झेरॉक्स मशीनमधून. त्यावरची माहिती खरी की खोटी, ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीतच सापडेल. सेतूतून येणारे डिजिटल सहीचे दाखले तर जन्मतःच प्रिंटरमधून निघतात, साध्या कागदावर, अथपासून इतिपर्यंत टोनर. त्यांना ना चौकटीची शाई, ना दाबलेला आकडा. तिथं भिंग खिशात ठेवायचं आणि दाखल्यावरचा क्रमांक किंवा कोड सरकारी संकेतस्थळावर पडताळायचा.

काकूंच्या मुलीचा पहिला कागद मुंबईला गेला. दुसऱ्याच्या पाठीवर मी पेन्सिलीनं ‘झेरॉक्स’ लिहून दिलं.